कथा : गाडी लागते त्यांच्यासाठी

घाटवळण

वडिलांची नोकरी कोयनेला होती, त्यामुळे कुंभार्ली घाटातून लहानपणी इतक्या वेळा गेलोय की वळणं तोंडपाठ आहेत. मास्तर काल्पनिक, घाट खरा. पहिलीच कथा आहे. चुका मोकळेपणानं काढा.

---

मास्तरांना आधी कळायचं. ज्याला उलटी व्हायची, त्याला स्वतःला कळायच्या आधी.

हेळवाक मागं पडलं आणि गाडी घाट उतरायला लागली की ते तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवून मागे वळून बसत. मघापासून जावेच्या तक्रारी सांगणारी बाई अचानक गप्प झालेली असायची. एखादं पोर जांभई द्यायचं, मग लगेच दुसरी. कुणी सारखा आवंढा गिळायचा. कुणाच्या वरच्या ओठावर, गार वारा असूनही, घाम. मास्तर उठत, पेटीतून एक कॅरीबॅग काढत आणि काही न बोलता त्या माणसाच्या हातात देऊन परत जागेवर येत. बायको, शैला, भाजीच्या पिशव्या धुऊन, वाळवून, समोशासारख्या त्रिकोणी घड्या करून ठेवायची. आठवड्याला वीस-पंचवीस.

२३ जून २०१८ पासून प्लास्टिकबंदीचा दंड सुरू झाला आणि शैलाकडची आवक आटली. मास्तर वर्तमानपत्राच्या पुड्या नेऊ लागले.

जुलैत एके दिवशी पाटणला एक बाई चढली. बरोबर कुणी नाही, मांडीवर स्टीलचा डबा, तिकीट चिपळूणचं. घाटात मास्तरांनी तिला पुडी दिली. तिसऱ्या वळणाला पुडीचा तळ सुटला. सगळं नव्या साडीवर. बाजूची दोघं उठून उभी राहिली. मागून कुणीतरी हसलं. बाईनं पदरानं पुसलं, डबा छातीशी धरला आणि पोफळीला दोरी ओढायला लावून उतरली.

"अहो, चिपळूण लांब आहे अजून," मास्तर म्हणाले.

"पुढच्या गाडीनं येते." ती वळून बघत नव्हती.

मास्तरांनी डबल दिली. गाडी सुटली.

त्या रात्री त्यांनी पाठकोऱ्या कागदांची वही शिवली. पुढचे दोन महिने प्रत्येक घाटफेरीला त्यात एक ओळ. कुठली सीट, चढताना की उतरताना, कुठल्या वळणाला, बाई की बाप्या की पोर. त्रेसष्ट नोंदी झाल्या. अठ्ठेचाळीस उतरतानाच्या. निम्म्याहून जास्त मागच्या तीन रांगांतल्या. यातलं काहीच त्यांना नवीन नव्हतं. नवीन होतं ते समासात लिहिलेलं. 'खिडकी मागितली, भांडण.' 'सकाळपासून पाणी नाही प्यायली.' 'विचारलं तर म्हणाली, मला गाडी लागत नाही.' हे शेवटचं वाक्य अकरा वेळा होतं, आणि अकराच्या अकरा जणांना पोफळीच्या आत उलटी झालेली होती.

"लोकांना उलटीचं एवढं नाही गं," ते शैलाला म्हणाले. "दिसायला नको असतं त्यांना."

शैला शिलाईचं काम करायची, तिला माप कळायचं. तिनं जाड खाकी कागद आणला, सहा इंच रुंद आणि दहा इंच उंच पिशवी केली. बाजूला चुण्या, म्हणजे उघडली की तोंड गोल राहतं आणि एका हातानं धरता येते. आतलं दिसत नाही. पहिली पिशवी खळीनं चिकटवली, ताक आणि कोमट पाणी ओतून खिळ्याला टांगली. पाच मिनिटांत तळ खाली. फेव्हिकॉलची दहा मिनिटं टिकली. मग तळाला दुहेरी कागद दिला. बारा मिनिटांनी ओला डाग, पंधराव्या मिनिटाला थेंब. घाट अर्ध्या-पाऊण तासाचा.

दिवाळीच्या उरलेल्या मेणबत्त्यांनी काम केलं. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेण. पिशवीचा खालचा तीन बोटं भाग बुडवायचा, लगेच वर काढून हलवायचा. फार वेळ ठेवला तर कागद मेण पिऊन कडक होतो आणि घडीवर तडकतो. ती पिशवी रात्रभर टांगलेली राहिली. सकाळी खालचं वर्तमानपत्र कोरडं होतं. आत हिंदकळायला नको म्हणून वखारीतला चाळलेला लाकडाचा भुसा मूठभर. आधी भाताचं तूस घालून पाहिलं होतं, पण तूस पाणी पीत नाही, वर तरंगतं. तोंड बांधायला सुतळीचा तुकडा, पुसायला कागदी रुमाल, वर आल्याची एक वडी.

मास्तरांनी दहा पिशव्या पेटीत टाकल्या. दहा रुपयांना एक. आठ गेल्या.

परतीच्या फेरीत पाटणच्या अलीकडे तपासणी पथकानं गाडी थांबवली. तिकिटं बरोबर. प्रवासी बरोबर. मग साहेबांनी रोकड मोजली. वे-बिलावर मास्तरांनी सकाळी स्वतःचे शंभर रुपये लिहिले होते. तिकिटांचे आणि ते शंभर धरून जे व्हायला हवं होतं, त्यापेक्षा ऐंशी रुपये जास्त.

"हे कशाचे?"

मास्तरांनी उरलेल्या दोन पिशव्या दाखवल्या. साहेबांनी एक उघडून आत पाहिलं, वास घेतला आणि मेमो लिहायला घेतला. एकोणीस वर्षांच्या नोकरीतला पहिला.

त्यानंतर बसमध्ये मास्तरांच्या हातून एकही पिशवी विकली गेली नाही. धंदा शैलाच्या नावावर झाला, मास्तरांनी आगारात तसं लिहून दिलं. वडी खायची वस्तू म्हणून तिनं अन्नपरवान्याची छोटी नोंदणी केली, वर्षाला शंभर रुपयांची. कऱ्हाड आणि चिपळूण, दोन्ही स्टँडवरच्या एकेका स्टॉलवाल्याला माल. खर्च चार रुपये : कागद ऐंशी पैसे, मेण साठ, वडी सव्वा रुपयाच्या आत, रुमाल-सुतळी चाळीस, आणि घडी घालणाऱ्या शेजारणीला पिशवीमागे एक रुपया. स्टॉलला सात रुपयांना, गिऱ्हाइकाला दहाला. मे महिन्यात दिवसाला साठ जात. पावसाळ्यात पंधरा. स्टॉलवर पाटी होती, 'गाडी लागते त्यांच्यासाठी'. मास्तर फक्त सुटताना म्हणत, "घाट आहे. ज्यांना लागते त्यांनी पुढं येऊन बसा." पाटीकडे बोटही करत नसत.

मार्च २०२० ला गाड्या थांबल्या, पिशव्याही थांबल्या. ऑगस्टात जिल्ह्याबाहेरच्या गाड्या सुरू झाल्या तेव्हा लोक मास्कमधूनच मळमळ लपवत होते, विक्री वाढली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली. भाड्याच्या खोलीत दोन हजार पिशव्या होत्या. चिखल ओसरल्यावर शैलाला कोपऱ्यात एक ढीग सापडला. कागदाचा लगदा झाला होता आणि मेणाचे तळ तेवढे, दिव्यांसारखे, एकात एक अडकून शाबूत राहिले होते.

नोव्हेंबरात संप लागला. मास्तर आगाराच्या फाटकासमोर मंडपात बसू लागले. पगार बंद. गाड्या बंद, म्हणून स्टॉल बंद, म्हणून पिशव्याही बंद. घरात येणारे दोन्ही पैसे एकाच चाकावर होते, हे तेव्हा दोघांनाही पहिल्यांदा दिसलं.

डिसेंबरात खासगी गाड्या लावणारा एक एजंट घरी आला. कऱ्हाडला रोज चार गाड्या सोडत होता. "पाचशे पाहिजेत. आठ रुपयांनी घेतो. रोख."

मास्तर मंडपातून आले तेव्हा नोटा टेबलावर होत्या, पाण्याच्या तांब्याखाली. शैला मेणाचा डबा पातेल्यात ठेवत होती.

"घेतलेस?"

"अजून नाही. ठेवून गेलाय." तिनं गॅस लावला नव्हता. "त्याच्या गाडीतली बाईसुद्धा पोफळीलाच उतरेल ना हो?"

मास्तर खुर्चीवर बसले. बाहेर रस्त्यावरून एक गाडी घाटाकडे गेली. आवाजावरून त्यांनी ओळखलं, एसटी नव्हती.

---

फलाट क्र. ५

चिपळूणहून कऱ्हाडला सकाळी पहिली गाडी किती वाजता लागते? बहादूरशेख नाक्यावर मिळेल का, की स्टँडलाच जावं लागेल?

घाटवळण

फलाटदादा, ही कथा आहे. 'गाडी लागते' म्हणजे मळमळणारी. वेळापत्रक स्टँडवर विचारा.

फलाट क्र. ५

अरेच्चा. शीर्षकच वाचलं. पण मला ती दुसरी पण लागते, म्हणून विचारलं.

मुक्कामी गाडी

एकतीस वर्षं वाहक होतो, आता निवृत्त. कथा आवडली. तपासणीचा प्रसंग बरोबर लिहिलाय. बाहेरच्यांना वाटतं की वाहकाकडे पैसे कमी सापडले तर गुन्हा. जास्त सापडले तरी तेवढाच गुन्हा, कारण साहेब पहिला संशय हाच घेतो की पैसे घेतले आणि तिकीट फाडलं नाही. ऐंशी रुपये पिशवीचे की ऐंशी रुपये तिकिटाचे हे नोटेवर लिहिलेलं नसतं. म्हणून तर ड्युटीला जाताना खिशातली खासगी रक्कम लिहून द्यायची. आमच्या वेळी एकानं घरची भाजी आणायला ठेवलेले दोनशे लिहायचे विसरले, त्याला ते निस्तरायला महिने लागले.

एक दुरुस्ती. एकोणीस वर्षं नोकरी झालेला माणूस बसमध्ये विकायला जाणारच नाही. त्याला हे पहिल्या वर्षी कळलेलं असतं. नवा पोरगा दाखवा, किंवा मग मास्तरांनी पैसे न घेता वाटल्या आणि प्रवाशांनीच जबरदस्तीनं हातात दहा-दहा कोंबले असं दाखवा. तसं होतं. आणि 'नको नको' म्हणेपर्यंत पुढचा स्टॉप येतो.

जांभईचं मात्र शंभर टक्के. मी पोरांच्या कानाच्या पाळ्यांकडे पण बघायचो. पांढऱ्या पडल्या की पिशवी.

घाटवळण

मुक्कामीकाका, कोंबलेले दहा रुपये हे माझ्यापेक्षा फार चांगलं आहे. बदलतो. नवा पोरगा केला तर वहीतली सवय पटणार नाही, म्हणून मास्तर मास्तरच राहू देत.

लिंबू-मिरची

एवढा खटाटोप कशाला? उपाशीपोटी बसायचं, लिंबू हुंगायचं, झालं. पोटात काही नसेल तर येणार काय? आमच्या घरी सगळे असंच करतात, आंबोलीला कधी त्रास नाही.

कानठळी

लिंबूताई, अर्धं बरोबर. भरपेट मिसळ खाऊन घाटात बसणं वाईटच. पण पूर्ण उपाशी पोटानं मळमळ अनेकांना जास्तच होते, आणि कोरड्या उमाळ्या उलटीपेक्षा त्रासदायक. दीड-दोन तास आधी थोडं, कमी तेलाचं खावं, घोट घोट पाणी प्यावं. कथेतली 'सकाळपासून पाणी नाही प्यायली' ही बाई मला खरी वाटली. माझ्याकडे रोज येते ती. (मी कान-नाक-घशाचा डॉक्टर.)

मुळात हा पोटाचा आजारच नाही. आतला कान सांगतो की आपण गरागरा वळतोय. डोळे समोरच्या सीटच्या पाठीवर किंवा मोबाइलवर खिळलेले असतात, ते सांगतात की आपण स्थिर आहोत. मेंदूचा गोंधळ उडतो आणि त्याची शिक्षा पोटाला. म्हणून ड्रायव्हरला सहसा लागत नाही, त्याला पुढचं वळण आधी दिसतं आणि शरीर तयार असतं. मास्तरांचं 'पुढं येऊन बसा' हे वाक्य त्या दहा रुपयांच्या पिशवीपेक्षा जास्त कामाचं आहे, आणि ते फुकट आहे. समोरच्या काचेतून लांब रस्त्याकडे बघायचं. मागच्या चाकाच्या मागं बसलं की वर-खाली हिसके जास्त, शिवाय बघायला काही नाही.

वडीबद्दल : आल्यानं काहींना बरं वाटतं, पण घाटात ते पुरेल अशी खात्री मी देणार नाही.

सातवी रांग

डॉक्टर, मग मास्तरांनी सरळ गोळीच का विकू नये? स्टॉलवर पिशवीऐवजी गोळी. उलटीच होणार नाही.

कानठळी

औषध विकायला परवाना लागतो, हे एक. दुसरं, गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर पोट पुढं ढकलायचंच थांबतं, गोळी तिथंच पडून राहते आणि पुढच्या वळणाला बाहेर येते. म्हणजे मास्तरांना जांभई दिसते तेव्हा गोळीची वेळ टळलेली असते. तिसरं, या गोळ्यांनी झोप येते, पुढं उतरून दुचाकी चालवायची असेल तर घेऊ नये. आणि प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाला द्यायचंच नाही. स्टॉलवाला हे सगळं विचारणार आहे का?

पाठची खिडकी

मी फोंडा घाटातली. बारावीनंतर कोल्हापूरला शिकायला होते, महिन्यातून एकदा घरी कणकवलीला. पहिल्या वर्षी मी सणाला सोडून घरी गेलेच नाही. आईला सांगायचे अभ्यास आहे. अभ्यास कसला, मला घाट होता. एकदा खिडकीतून बाहेर झाली आणि मागच्या खिडकीतल्या काकांच्या शर्टावर गेली. त्यांनी पूर्ण प्रवासात मला काही म्हटलं नाही. ते शिव्या देते तर बरं झालं असतं.

कथेतली पोफळीला उतरणारी बाई वाचून थांबले. मी नांदगावला उतरलेय अशीच, पुढच्या गाडीनं जाते सांगून.

खाकी कागदाचं बरोबर पकडलंय. पारदर्शक कॅरीबॅग हातात धरून तासभर बसणं ही उलटीपेक्षा मोठी शिक्षा असते. फक्त एक सांगते. स्टॉलवर जाऊन 'ती पिशवी द्या' म्हणणं हेही आम्हाला जमत नाही. मेडिकलमध्ये पॅड मागताना आवाज खाली जातो ना, तसं. पाटी एवढी स्पष्ट नको होती.

घाटवळण

ताई, हे मला अजिबात सुचलं नव्हतं. वडीच्या नावानं विकली तर? 'प्रवासाची आलेवडी', आणि पिशवी सोबत.

पाठची खिडकी

हो. मग मी दोन घेतल्या असत्या.

हिशोबनीस

भावना ठीक. आता आकडे. साठ पिशव्यांना तीन रुपये म्हणजे दिवसाला १८० रुपये, तेही मे महिन्यात. पावसाळ्यात ४५. वर्षभराची सरासरी शंभर रुपये रोज धरा, त्यातून न खपलेला माल आणि स्टॉलवाल्याची उधारी जाते. याला धंदा म्हणायचं का? शिवाय यात असं काय आहे जे दुसरा करणार नाही? कऱ्हाडचा स्टॉलवाला दोन महिन्यांत स्वतःच्या मेहुणीकडून करून घेईल आणि पिशवीमागे तीन रुपये वाचवेल. कथेत तो गप्प बसलाय हे पटलं नाही.

दुसरी गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. घाट आहे असं सांगणारा वाहक आणि पिशवी विकणारी त्याची बायको. बोट केलं नाही तरी प्रवासी घाबरून स्टॉलकडेच जाणार. नियमात बसत असेल, पण मला खुपलं.

मुक्कामी गाडी

हिशोबनीस, शंभर रुपये रोज तुम्हाला कमी वाटतात. संपाच्या साडेपाच महिन्यांत शंभर रुपये रोज असते तर आमच्या आळीतल्या दोन पोरांनी कॉलेज सोडलं नसतं. पण तुमचा दुसरा मुद्दा मला पण खुपला. मी असतो तर घाटाची सूचना ड्रायव्हरला द्यायला लावली असती.

खळ आणि कात्री

आमचा बचतगट कागदी पिशव्या करतो, मेडिकलच्या आणि बेकरीच्या. मेणाचं तंत्र बरोबर आहे. मात्र मेण थेट गॅसवर कधीच ठेवू नका, पेट घेतं. कथेत पाण्यात डबा ठेवलाय ते बरं केलंत. तळ बुडवण्याआधी चिकटवलेला जोड पूर्ण वाळलेला पाहिजे, नाहीतर ओल आत कोंडली जाते आणि मेण तिथं धरत नाही. ओळखायची खूण सोपी. पिशवी उजेडासमोर धरा. मेण प्यायलेला कागद सगळीकडे सारखा अर्धपारदर्शक दिसतो. जिथं गडद ठिपका दिसेल तिथून गळणार.

मूठभर भुशानं सगळं शोषलं जाईल असं वाटत असेल तर नाही. ओला भुसा वजनाच्या दोन-तीन पट पाणी धरतो, मूठभर म्हणजे वीसेक ग्रॅम, आणि पोटातून पाव लिटर सहज येतं. पण लेखक म्हणतात तसं हिंदकळणं थांबतं, ते खरं. आणि कोकणात जूननंतर भुसा बंद डब्यात ठेवा. आमच्याकडे आठवड्यात बुरशी धरली होती, पिशवी उघडली की वासानंच उलटी व्हायची.

स्टॉलवाला नक्कल करेल म्हणता. करू दे. मेणाच्या डब्यापाशी मे महिन्यात तीन तास बसून बघा म्हणावं. आमची नक्कल करणारे तिघं होते, तिघांनी सोडलं.

दरीतला

कथेत एक मोठा खड्डा आहे. भरलेली पिशवी जाते कुठं? खिडकीतून. घाटाला लागून कोयनेचं जंगल आहे. माकडं रस्त्याकडेला बसलेली असतात, टाकलेली प्रत्येक गोष्ट फोडून बघतात. कागद कुजेल म्हणाल, पण मेणबत्तीचं मेण खनिज तेलाचं असतं, आणि लेखकानंच दाखवलंय की महापुरातसुद्धा तळ शाबूत राहिले. वाचायला सुंदर आहे ते दृश्य. माझ्या डोळ्यासमोर मात्र दरीत पडलेले हजारो तळ आले.

घाटवळण

मान्य. पहिल्या खर्ड्यात मागच्या दाराजवळ तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आकड्याला अडकवला होता, त्यात टाकायची पिशवी. लांबी वाढली म्हणून काढला. परत घालतो. मधमाशीचं मेण वापरलं असतं तर?

खळ आणि कात्री

भाव बघा आधी. चार रुपयांत पिशवी बसणार नाही.

सातवी रांग

शेवट कळला नाही. तिनं पिशव्या दिल्या की नाही?

लिंबू-मिरची

द्यायलाच पाहिजेत. बाईला उलटी एसटीतली आणि खासगीतली वेगळी असते का? शैलाचा प्रश्न बरोबर आहे.

मुक्कामी गाडी

लिंबूताई, मी मंडपात बसलेला माणूस आहे. समोरून खासगी गाडी भरून जाते तेव्हा पोटात काय होतं ते कुठल्या पिशवीत मावत नाही. मास्तरांनी तिला अडवलं असतं तर मी समजू शकलो असतो. दिल्या असत्या तरी दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याशेजारीच बसलो असतो, पण बोललो नसतो.

हिशोबनीस

मला इथं मास्तरांचा निर्णय का विचारला जातोय तेच कळत नाही. धंदा शैलाच्या नावावर आहे, माप तिचं, मेण तिचं. नोटा मास्तरांची वाट बघत तांब्याखाली कशाला? कथा तिच्या बाजूनं लिहायला हवी होती.

पाठची खिडकी

हिशोबनीसांशी पहिल्यांदा सहमत. पण तिनं गॅस लावला नव्हता म्हणजे ती थांबली होती. ते नवऱ्याच्या परवानगीसाठीच होतं असं कशावरून?

घाटवळण

लिहिताना मला वाटलं होतं की ती देणार. मुक्कामीकाकांचा प्रतिसाद वाचून आता खात्री नाही. शेवट आहे तसाच ठेवतो. वडीचं नाव, कोंबलेले दहा रुपये आणि पत्र्याचा डबा एवढं घालून रविवारी नवी प्रत टाकेन.

दरीतला

डबा घालताय तर हेही लिहा. चिपळूणला पोचल्यावर तो धुतो कोण?

मुक्कामी गाडी

वाहक. दुसरं कोण येतंय.

फलाट क्र. ५

आज जाऊन आलो कऱ्हाडला. चढताना काही झालं नाही, पुढं बसलो होतो, डॉक्टरांचं ऐकलं. उतरताना पुढं जागा नव्हती. पोफळीच्या वरच्या अंगाला वाहकानं मला लाडूचा रिकामा खोका दिला. बरा होता, झाकण होतं.